ग्रामसभेत घरकुलाच्या अभियंत्याची ओळख कशी करून द्यावी

पंचायत समितीतून एखादा अधिकारी ग्रामसभेला आला की शाल, श्रीफळ, पदनाम आणि टाळ्या एवढ्यावर त्याची ओळख उरकली जाते. लोकांना माणूस दिसतो, परंतु आपल्या कोणत्या कामासाठी त्याच्याकडे जायचे आणि कोणत्या कामासाठी त्याच्याकडे जाऊन उपयोग नाही, हे त्यांना कळत नाही. घरकुलाच्या कामात याचा त्रास विशेष जाणवतो. एकाच घराच्या कामात यादी, जागा, बांधकामाची पाहणी, वाळू, मजुरी आणि बँकेचे खाते असे वेगवेगळे विषय येतात आणि प्रत्येक विषयाचे कार्यालय निराळे असते. चुकीच्या दारात उभे राहून रोजगार बुडवलेली माणसे प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी दिसतात. म्हणून या लेखात प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागाचे काम पाहणारा ग्रामीण गृहनिर्माण अभियंता हेच उदाहरण घेतले आहे. ओळख करून देणारा सरपंच, उपसरपंच, ग्रामपंचायत अधिकारी किंवा गावातील शिक्षक, कोणीही असू शकतो.

आदल्या दिवशीचा फोन

ओळखीची तयारी अधिकाऱ्याशी आदल्या दिवशी फोनवर बोलून करावी, कारण सभेच्या दिवशी गाडीतून उतरल्यापासून खुर्चीवर बसेपर्यंत निवांत बोलणे होत नाही. पूर्ण नाव, पद आणि कार्यालयातील विभाग विचारून कागदावर लिहून घ्यावा. आठवड्यातील कोणत्या वारी आणि कोणत्या वेळेत ते कार्यालयात बसतात, हेही विचारावे. मोबाईल क्रमांक सभेत सांगितला तर चालेल का, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा. काही जण कार्यालयाचा क्रमांक देणे पसंत करतात आणि तसे असल्यास स्वतःकडे असलेला खासगी क्रमांक परस्पर जाहीर करू नये.

त्यानंतर दोन प्रश्न अवश्य विचारावेत आणि त्यांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावीत. पहिला प्रश्न असा की उद्याच्या सभेत आणि सभेनंतर आपण नेमके काय करणार आहात. दुसरा प्रश्न असा की आपल्या हातात काय नाही. दुसरा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, परंतु अधिकाऱ्याला त्याचे वाईट वाटत नाही, कारण नको त्या कामासाठी होणाऱ्या गर्दीने तोही मेटाकुटीला आलेला असतो.

घरकुलाच्या अभियंत्याच्या बाबतीत उत्तर साधारण असे येते. मंजूर घराच्या जागेची आणि बांधकामाच्या टप्प्यांची पाहणी करणे, मोबाईलमधील अॅपवर फोटो काढून नोंद करणे आणि पुढच्या हप्त्यासाठी शिफारस करणे हे त्याचे काम. यादीत नाव घालणे किंवा काढणे त्याच्या हातात नसते, कारण ती यादी सर्वेक्षणातून तयार होते आणि ग्रामसभेपुढे येते. हप्त्याची रक्कमही तो स्वतः देत नाही, ती थेट लाभार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. बहुतेक ठिकाणी हे पद कंत्राटी असते, त्यामुळे माणूस बदलण्याची शक्यता धरून ओळखीत व्यक्तीच्या नावाबरोबर विभागाचे नावही सांगावे. उद्या नवा अभियंता आला तरी लोक योग्य टेबलापाशी पोहोचले पाहिजेत.

आकड्यांची खातरजमाही याच फोनवर करावी. केंद्राच्या योजनेत सपाट भागातील घराला १,२०,००० रुपये आणि डोंगराळ किंवा दुर्गम भागातील घराला १,३०,००० रुपये साहाय्य असते, आणि घराचे क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटर म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट असावे लागते. यावर राज्य शासनाकडून मिळणारी वाढीव रक्कम आणि हप्त्यांची विभागणी शासन निर्णयानुसार बदलत आली आहे. म्हणून ते आकडे ऐकीव माहितीवरून सभेत सांगू नयेत. अभियंत्याला विचारून, शक्य झाल्यास पत्र पाहून, मगच कागदावर लिहावेत.

सभेत ओळखीची जागा

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती असते. ती पूर्ण होईपर्यंत लोक ये-जा करत असतात आणि शेवटच्या विषयापर्यंत निम्मे उठून गेलेले असतात. या दोन टोकांच्या मध्ये, मागील सभेचे इतिवृत्त वाचून झाल्यावर लगेच, अधिकाऱ्याची ओळख ठेवावी. विषयपत्रिकेत ‘आयत्या वेळचे विषय’ या शीर्षकाखाली ती कधीही ढकलू नये. सभेच्या नोटिशीतच ‘घरकुलाचे बांधकाम पाहणाऱ्या अभियंत्यांची भेट, मंजूर घरकुलधारकांनी पासबुक व आधार कार्ड घेऊन यावे’ असे एक वाक्य टाकावे आणि दवंडीतही तेच पुकारावे. मग येणारे लोक कामाच्या तयारीने येतात.

नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घ्यावी लागते. या योजनेत घर शक्यतो स्त्रीच्या नावे किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावे मंजूर होते, त्यामुळे अभियंत्याची ओळख ज्यांना सर्वांत जास्त हवी त्यांत बायका असतात. तरीही मुख्य सभेत त्या मागे, देवळाच्या ओट्याच्या कडेला किंवा शाळेच्या व्हरांड्यात बसतात आणि बोलणे त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. अभियंता महिला सभेला येऊ शकत नसेल तर त्याच्याविषयीची तीच माहिती तिथे एकदा सांगून ठेवावी, आणि मुख्य सभेत बोलण्यापूर्वी मागे आवाज येतो आहे का हे विचारून मगच पुढे जावे.

प्रत्यक्ष बोलताना

ओळखीला दोन ते तीन मिनिटे पुरतात. क्रम असा ठेवावा: हा माणूस कोण, आपल्या कोणत्या कामाचा, कोणत्या कामाचा नाही, कुठे आणि केव्हा भेटेल, आज काय करणार. शिक्षण, आधीच्या नेमणुका, मिळालेले पुरस्कार हे सगळे वगळावे. वाक्ये घरात बोलतो तशी असावीत आणि एका वाक्यात एकच गोष्ट असावी. अंमलबजावणी, निकष, अनुज्ञेय, प्रपत्र यांसारखे शब्द कागदावर ठीक आहेत, पण सभेत ते कानांवरून जातात. उलट घरकुल, हप्ता, यादी, जोतं, लेंटल, स्लॅब, पासबुक हे शब्द गावात रोज वापरले जातात, त्यांना सोपे करण्याच्या नादात नवे शब्द शोधू नयेत. ज्या शब्दाला गावात पर्याय नाही, तिथे ते काम डोळ्यांसमोर उभे करावे. ‘जिओ टॅगिंग होईल’ असे म्हणण्यापेक्षा ‘मॅडम मोबाईलवर घराचा फोटो काढतील, आणि फोटो कुठल्या जागेवर काढला ते मोबाईल आपोआप नोंदवतो, म्हणून दुसऱ्याच्या जोत्याचा फोटो चालत नाही’ असे सांगितले की प्रक्रिया समजते आणि त्यामागचा नियमही समजतो.

एक पूर्ण नमुना खाली दिला आहे. बोलणारे उपसरपंच आहेत आणि अभियंता महिला आहेत. वार, वेळ आणि घरांची संख्या ही आदल्या दिवशीच्या फोनवरून घेतली आहे, असे समजावे.

‘राम राम मंडळी. मागं बसलेल्या आयाबायांना आवाज येतोय का? येत नसेल तर थोडं पुढं सरका. आज पंचायत समितीतून मॅडम आल्यात.’ इथे पूर्ण नाव सावकाश, दोनदा घ्यावे. ‘मॅडम घरकुल विभागात इंजिनिअर आहेत. ज्यांचं घरकुल मंजूर झालंय, त्यांचं बांधकाम बघायला याच येणार. जोतं पूर्ण झालं की ग्रामपंचायतीत सांगायचं. मग मॅडम येतील, माप बघतील, मोबाईलवर फोटो काढतील. त्यानंतर पुढच्या हप्त्याचं काम वर जातं. फोटो झाल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही.

‘आता दुसरं ऐका. यादीत नाव घालणं किंवा काढणं मॅडमच्या हातात नाही. ज्यांचं नाव नाही, त्यांनी ग्रामपंचायतीत भाऊसाहेबांकडं यायचं, मी पण असतो. वाळूचं काम तहसील कचेरीत. रोजगार हमीच्या मजुरीचं आपल्या रोजगार सेवकाला विचारायचं.

‘मॅडम दर मंगळवारी सकाळपासून दुपारी दोनपर्यंत पंचायत समितीत, घरकुल विभागात भेटतील. त्यांचा नंबर बाहेर फळ्यावर लिहिलाय. फोटो काढायला, माप घ्यायला एक रुपयासुद्धा लागत नाही. मॅडमचं नाव सांगून कुणी पैसे मागितले तर त्याच दिवशी मला सांगा.

‘आज मॅडम दोन कामं करणार आहेत. जोतं झालेल्यांची नावं लिहून घेणार आणि सभा झाली की तीन घरं बघायला जाणार. मॅडम, आता तुम्ही बोला.’

या बोलण्यातील ‘मॅडमच्या हातात नाही’ हे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि बहुतेक ओळखींमध्ये नेमके तेच नसते. ते म्हणताना पुढच्याच वाक्यात ते काम कोणाकडे होते हे सांगावे लागते, नाहीतर ऐकणाऱ्याला आपल्याला टाळले असे वाटते. पैशांबद्दलचे वाक्यही महत्त्वाचे, मात्र ते बोलण्यापूर्वी अभियंत्याला त्याची कल्पना द्यावी. अन्यथा चारचौघांत आपल्यावरच संशय घेतला जातो आहे असे त्यांना वाटू शकते. ‘साहेबांचा माणूस आहे, फोटो लवकर काढून देतो’ असे सांगत फिरणारा मध्यस्थ अनेक गावांत असतो, आणि अधिकाऱ्याच्या उपस्थितीत, सर्वांसमोर हे वाक्य बोलले गेले की त्याची पकड सैल होते. त्याच कारणाने ओळख करून देताना खासगी ठेकेदार किंवा कोणी कार्यकर्ता अधिकाऱ्याशेजारी खुर्ची टाकून बसणार नाही, याची काळजी घ्यावी. लोक शब्दांइतकेच शेजारी कोण बसले आहे हे पाहतात.

अधिकाऱ्याच्या वतीने आश्वासन देणे मात्र कटाक्षाने टाळावे. ‘मॅडम आल्यात, आता कुणाचा हप्ता अडणार नाही’ हे वाक्य ओघात सहज तोंडातून जाते आणि त्याचे ओझे नंतर अभियंत्यावर पडते, कारण निधी केव्हा येईल हे त्यांनाही ठाऊक नसते.

प्रश्न सुरू झाल्यावर

ओळख करून देणाऱ्याचे काम ‘मॅडम, आता तुम्ही बोला’ म्हटल्यावर संपत नाही. अधिकारी आपल्या कार्यालयाच्या भाषेत उत्तर देतो आणि विचारणारा मान डोलावून खाली बसतो. अशा वेळी उत्तर गावाच्या बोलीत पुन्हा सांगणे आणि ते बरोबर आहे का हे अधिकाऱ्याकडून वदवून घेणे, एवढे त्याने सभा संपेपर्यंत करत राहावे.

समजा, एक बाई उठून म्हणतात, ‘माझं जोतं होऊन दोन महिने झाले, फोटो पण झाला, पण हप्ता काय आला नाही.’ अभियंता मोबाईलवर पाहून सांगतात, ‘तुमचा एफटीओ रिजेक्ट दाखवतोय, आधार सीडिंग नाही.’ बाई ‘बरं’ म्हणून बसतात. इथे उपसरपंचांनी मध्ये पडून म्हणावे: ‘मावशी, थांबा, बसू नका. पैसे निघाले होते, पण तुमच्या खात्याला आधार नीट जोडलेलं नाही, म्हणून ते जमा झाले नाहीत. उद्या पासबुक आणि आधार कार्ड घेऊन बँकेत जा, खात्याला आधार जोडायचंय म्हणून सांगा. मॅडम, बरोबर सांगितलं ना?’ या शेवटच्या प्रश्नामुळे अभियंत्यांना राहून गेलेली गोष्ट आठवते आणि त्या म्हणतात, ‘हो, आणि जोडून झालं की मला कळवा, म्हणजे पैसे पुन्हा पाठवायला सांगता येईल.’ हे दुसरे वाक्य निघाले नसते तर मावशी आधार जोडून घरी वाट पाहत बसल्या असत्या. शेवटी मावशींनाच विचारावे, ‘मग उद्या कुठं जायचं?’ त्यांनी ‘बँकेत’ म्हटले की बोलणे पोहोचले असे समजावे. खाते क्रमांक आणि आधार क्रमांक मात्र सभेत कोणालाही मोठ्याने वाचायला लावू नये. ते सभेनंतर बाजूला बसून अभियंत्यांनी पाहावेत.

पहिला प्रश्न कोणाचा घ्यायचा, हेही आधी ठरवून ठेवावे. नेहमी बोलणारी दोन-तीन माणसे पुढे बसतात आणि घरकुलाशी संबंध नसलेले प्रश्नही तिथेच काढतात. गल्लीतील गटाराची तक्रार किंवा पाणीपट्टीचा वाद अभियंत्यासमोर निघाला तर ‘अण्णा, तुमचा विषय आज पाचव्या नंबरला आहे, तिथं घेऊ’ असे शांतपणे सांगून तो तिथेच थांबवावा आणि पाचव्या विषयाला आठवणीने घ्यावा. ज्यांचे बांधकाम सध्या चालू आहे त्यांचे प्रश्न आधी घ्यावेत, कारण त्यांची कामे टप्प्यावर अडलेली असतात आणि पावसाळ्यापूर्वी लेंटल किंवा स्लॅब झाला नाही तर त्यांचे अख्खे वर्ष जाते.

एखादा माणूस रागाने उठून अभियंत्यालाच जाब विचारू लागतो, विशेषतः यादीत नाव नसल्यावर. त्याला गप्प बसवण्याचा प्रयत्न उलटा फिरतो. ‘दादा, तुमचं म्हणणं लिहून घेतो. पण यादीचं काम मॅडमकडं नाही, ते ग्रामसभेचं आणि ग्रामपंचायतीचं आहे, म्हणजे आमचं आहे. मॅडमना सोडा, आम्हाला विचारा,’ असे म्हटले की रोख योग्य ठिकाणी वळतो. हे वाक्य म्हणायला पदाधिकाऱ्याला थोडे धैर्य लागते, कारण तो प्रश्न आता त्याच्याच अंगावर येतो. परंतु बाहेरून आलेल्या अभियंत्याच्या आड लपणे गावात फार काळ चालत नाही.

ओळख नीट झाली नाही हे कसे ओळखावे

सभेतली शांतता हे समजल्याचे लक्षण मानू नये. सभा संपल्यावर अभियंत्याभोवती जे लोक जमतात त्यांचे प्रश्न ऐकावेत. ‘माझं नाव घाला’, ‘वाळू कधी मिळणार’, ‘बाथरूमचे पैसे कुठं गेले’ असे प्रश्न त्यांनाच विचारले जात असतील, तर कोणते काम त्यांच्या हातात नाही हा भाग लोकांपर्यंत पोहोचलेला नाही. मग तिथेच उभे राहून तो पुन्हा सांगावा. ‘माझं लेंटल पुढच्या आठवड्यात होतंय, फोटोला कधी येता’ असे प्रश्न येऊ लागले, तर ओळख कामाला आली असे म्हणता येईल.

दुसरी खूण आठवडाभराने दिसते. मंगळवार सोडून इतर दिवशी पंचायत समितीत जाऊन परत आलेले लोक भेटले, तर वार आणि वेळ नीट ऐकू गेलेली नाही. अशा वेळी फळ्यावरचा मजकूर मोठ्या अक्षरांत पुन्हा लिहावा आणि गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीनच ओळींचा संदेश टाकावा: नाव व विभाग, वार व वेळ, आणि फक्त बांधकामाची पाहणी व फोटो यांसाठी भेटावे ही सूचना. ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांच्यासाठी आशा सेविका आणि अंगणवाडी सेविका यांना हे तीन मुद्दे सांगून ठेवावेत. त्यांचे रोजचे फिरणे घरोघरी असते.

इतिवृत्तातील नोंद

इतिवृत्तात बहुधा ‘अभियंता यांनी उपस्थित राहून मार्गदर्शन केले’ असे एक वाक्य लिहिले जाते आणि त्यावरून पुढच्या सभेत काहीच विचारता येत नाही. त्याऐवजी ओळख आणि ठरलेली कामे वेगवेगळी लिहावीत, आणि सभा संपण्यापूर्वी ती नोंद मोठ्याने वाचून दाखवावी. नमुना असा: ‘विषय क्र. २. पंचायत समितीच्या घरकुल विभागातील ग्रामीण गृहनिर्माण अभियंता उपस्थित होत्या. मंजूर घरकुलांची पाहणी व फोटो नोंद हे त्यांचे काम असल्याचे ग्रामसभेस सांगण्यात आले. दर मंगळवारी दुपारी २ पर्यंत त्या पंचायत समितीत भेटतील. जोते पूर्ण झालेल्या घरकुलधारकांची नावे त्यांनी लिहून घेतली असून ती यादी सोबत जोडली आहे. सभेनंतर तीन घरांची पाहणी करण्याचे ठरले. आधार जोडणीअभावी हप्ता जमा न झालेल्या लाभार्थ्यांना बँकेत पाठविण्याची जबाबदारी ग्रामपंचायत अधिकारी यांनी घेतली.’

प्रत्येक ठरलेल्या कामापुढे ते करणाऱ्याचे पद असेल याकडे लक्ष द्यावे. या नोंदीची एक प्रत अभियंत्यांना त्याच आठवड्यात पोहोचवावी, म्हणजे आपल्या नावे काय लिहिले आहे हे त्यांना कळते आणि चूक असल्यास ती लगेच सुधारता येते. पुढील ग्रामसभेत इतिवृत्त वाचताना या विषयाला आल्यावर थोडे थांबून तीन घरांची पाहणी झाली का, आधार जोडून किती जणांचे हप्ते आले आणि जोडलेल्या यादीतील कोणाचे फोटो अजून राहिले आहेत, हे ज्याचे त्याच्याकडून सभेपुढे वदवून घ्यावे आणि राहिलेली नावे त्याच दिवशी अभियंत्यांना फोन करून कळवावीत.